तीन पत्रांत तीन वेगवेगळ्या रात्री: तक्रारीआधी तारीखवार टिपण कसं करावं?

कोयनाकाठ · १३ जानेवारी २०२४

आई कराडला एकटी राहते, मी पुण्यात, बहीण दुबईत. गेल्या ऑगस्टमध्ये आईच्या बचत खात्यातून एका रात्रीत यूपीआयने चार वेळा पैसे गेले. दोनदा २४,९९९, एकदा १९,५०० आणि एकदा ९,०००. बँकेनं २७ सप्टेंबरला लेखी नकार कळवला. कारणं दोन दिलीत. एक, तुम्ही सात दिवसांनी कळवलंत. दोन, तुमची निवेदनं एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिलं वाचून राग आला. दुसरं वाचल्यावर आमचेच तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले, आणि बँकेचं म्हणणं खोटं नाही हे दिसलं. १८ ऑगस्टच्या बँकेतल्या अर्जात (आईनं हातानं लिहिलेला) 'तीन व्यवहार, ६९,४९८ रुपये' असं आहे. २१ ऑगस्टच्या पोलिसांतल्या तक्रारीत (मी सांगितली, हवालदारांनी लिहून घेतली) '११ तारखेला चार व्यवहार, सुमारे ७८,५००' आणि 'रात्री दहाच्या सुमारास आईने मुलीला फोन करून सांगितले' असं आहे. ५ सप्टेंबरला मी बँकेला जो ईमेल केला त्यात 'आईने दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेला फोन केला होता' असं मीच लिहिलंय.

यात कुणीही मुद्दाम खोटं बोललेलं नाही. आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज करायचाय. तो चौथा कागद. तो लिहिण्याआधी सगळ्या घटना तारखेनं, वेळेनं एकदाच नीट लावून घ्याव्यात, म्हणजे पुढचं प्रत्येक पत्र त्यातूनच निघेल, असं मनात आहे. कुणी असं टिपण केलं असेल तर सुरुवात कुठून करायची ते सांगा.

पारिजात · १३ जानेवारी

माझ्याकडे लोकपालाच्या अर्जाचा छान मसुदा आहे. विषय, संदर्भ, महोदय, सगळं तयार. नाव आणि रक्कम बदलली की झालं. पाठवू का?

कोयनाकाठ · १३ जानेवारी

पारिजात, मनापासून आभार. पण माझं अडलंय ते मसुद्यावर नाही. त्या मसुद्यात कोणती तारीख भरायची तेच आज मला छातीठोक सांगता येत नाही.

रोखठोक_सातारी · १३ जानेवारी

एवढा विचार कशाला? रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाला काही भरावं लागत नाही. तीन दिवस म्हणजे ७२ तास. तुम्ही १८ ला गेलात, म्हणजे ती संधी गेली. चार ते सात दिवसांत कळवलं तर बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजारांचा फटका, बाकीचे बँकेनं द्यायचे. ६८ हजार मागा आणि मोकळे व्हा. तारखांचा कीस काढून हाती काय लागणार?

शाई-शिक्का · १४ जानेवारी

मी एका बँकेच्या तक्रार कक्षात बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. टेबलाच्या त्या बाजूनं कसं दिसतं ते सांगते. नवा अर्ज आला की आधीचा काढून त्याच्या शेजारी ठेवायचा, आणि जिथे तारीख, वेळ किंवा आकडा बदललाय तिथे पेन्सिलनं फुली मारायची. कोयनाकाठ, तुमच्या कागदांवर अशा निदान चार फुल्या पडल्या असत्या. अर्जदार खोटारडा आहे असं त्यावरून कुणी म्हणत नाही. पण 'निवेदनांत विसंगती' हे दोन शब्द उत्तरात टाकायला तेवढं पुरतं.

सुरुवात कागदांपासून करा. आईला आत्ताच काही विचारू नका. विचारलंत की त्या आठवून सांगतील, तुम्ही ते लिहाल, आणि पुढे हाती आलेला कागद त्या आठवणीत बसवायचा मोह होईल. आधी नुसते कागद गोळा करा. खात्याचा उतारा, बँकेचे एसएमएस, आईच्या फोनमधली कॉलची यादी, बहिणीच्या फोनमधली यादी, पोच घेतलेले अर्ज, पाठवलेले ईमेल. मग एका वहीत किंवा एक्सेलमध्ये रकाने आखा: ओळ क्रमांक, तारीख, वेळ, काय घडलं, कशावरून. हा शेवटचा 'कशावरून' रिकामा राहिला तर ती ओळ कच्ची. त्यात सरळ 'आठवण' लिहायचं आणि आठवण कुणाची तेही लिहायचं.

एका घटनेला एक ओळ. 'आईला धक्का बसला आणि तिने लगेच फोन केला' असं लिहू नका. यातल्या 'लगेच'नंच सगळा घोटाळा होतो. '२३:४१, आईच्या फोनवरून बँकेच्या टोल-फ्री क्रमांकाला कॉल, अमुक मिनिटे' एवढंच लिहा. आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत, तुमचे काय निघतात ते बघा.

आणि वेळ २४ तासांची. आपण बोलताना '११ च्या रात्री बारा वाजून गेल्यावर' म्हणतो, उतारा त्याला १२ तारीख म्हणतो. तुमचे व्यवहार तीन की चार आणि रक्कम ६९ हजार की ७८, हा घोळ बहुतेक यातूनच झालाय. चौथ्या व्यवहाराचा एसएमएस किती वाजताचा आहे ते बघून इथे लिहा.

अनुजा_प · १४ जानेवारी

वरच्या फ्लॅटमधून आमच्या छतात पाणी झिरपायचं, त्याचा वाद आम्ही साडेतीन वर्षं भोगला. मी सोसायटीला अकरा पत्रं दिली. पहिल्यात 'जून २०१९ पासून गळती' आणि सहाव्यात 'मागच्या पावसाळ्यापासून'. सहावं पत्र २०२१ चं, म्हणजे हिशेबानं २०२०. समोरच्या वकिलांनी ही दोनच वाक्यं वाचून दाखवली आणि विचारलं, नेमकी कधीपासून? मी पहिल्या पावसाचे फोटो काढले होते, त्यावर तारीखही होती. पण सहावं पत्र लिहिताना ते उघडून पाहिले नाहीत. थकले होते, एका बैठकीत लिहून टाकलं. म्हणून सांगते, पत्र लिहिताना टिपण समोर उघडं असू द्या. कपाटात ठेवलंत तर असून नसल्यासारखं.

कोयनाकाठ · २० जानेवारी

आठवडाभर कराडला होतो. शाई-शिक्काताई, तुम्ही म्हणालात तसंच आईला काही न विचारता आधी कागद काढले. उदाहरण म्हणून लिहिलेली तुमची २३:४१ खरीच निघाली, वाचून मी चमकलो. त्या रात्रीपुरत्या ओळी इथे देतो, सगळ्या ११–१२ ऑगस्ट २०२३ च्या.

ओळ ४ — ११ ऑगस्ट, २३:१७ — २४,९९९ गेले — बँकेचा एसएमएस
ओळ ५ — ११ ऑगस्ट, २३:१९ — २४,९९९ गेले — बँकेचा एसएमएस
ओळ ६ — ११ ऑगस्ट, २३:२४ — १९,५०० गेले — बँकेचा एसएमएस
ओळ ७ — ११ ऑगस्ट, २२:०५ — आईचा बहिणीला फोन — बहिणीच्या फोनचा स्क्रीनशॉट
ओळ ८ — ११ ऑगस्ट, २३:४१ — बँकेच्या टोल-फ्री क्रमांकाला कॉल, ६ मिनिटे — आईच्या फोनमधली यादी
ओळ ९ — १२ ऑगस्ट, ००:०६ — ९,००० गेले — बँकेचा एसएमएस
ओळ १० — १२ ऑगस्ट, ०८:५५ — सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार — पोचक्रमांकाचा एसएमएस

तीन आणि चारचा उलगडा झाला. आईनं पासबुकातल्या ११ तारखेच्याच नोंदी मोजल्या, त्यांची बेरीज ६९,४९८. चौथी १२ ला होती. पूर्ण रक्कम ७८,४९८, आणि पोलिसांत मी 'सुमारे' म्हणून तिला ७८,५०० करून टाकलं.

पण ओळ ७ अजून बसत नाही. पैसे गेले २३:१७ ला, मग आईनं मुलीला २२:०५ ला काय सांगितलं? मी पोलिसांत 'दहाच्या सुमारास' म्हणालो ते बहिणीच्या स्क्रीनशॉटवरूनच. बहीण म्हणते तिच्या फोनवर तेच दिसतंय. आईच्या फोनमधली यादी पाहिली तर इंटरनेट कॉलच्या ॲपवरून केलेला तो कॉल तिथे नाहीच, आणि तिचं ते ॲप सप्टेंबरात नव्यानं टाकलंय.

वाळवंटातला_मालवणी · २० जानेवारी

बहीण दुबईत आहे ना? इथलं घड्याळ भारताच्या दीड तास मागे. तिच्या फोनवरचे २२:०५ म्हणजे कराडचे २३:३५. आम्ही इथे रोज हा हिशेब करतो म्हणून पटकन लक्षात आलं.

कोयनाकाठ · २० जानेवारी

मालवणी, धन्यवाद. हे वाचून मी पाच मिनिटं नुसता बसून होतो. शेवटची रक्कम सोडून बाकी पैसे गेले, अकरा मिनिटांनी आईनं मुलीला फोन केला, मुलीनं सांगितलं बँकेला फोन कर, सहा मिनिटांनी तिनं केला. सगळं सरळ आहे. आणि आम्ही पोलिसांना लिहून दिलं की चोरी व्हायच्या तासभर आधीच आईनं चोरीची बातमी दिली.

शाई-शिक्का · २१ जानेवारी

ओळ ७ खोडू नका. तिच्यापुढे लिहा: 'मूळ नोंद दुबईची वेळ २२:०५, भारतीय वेळ २३:३५, दुरुस्ती २० जानेवारी २०२४'. टिपणातली जुनी नोंद पुसायची नाही, दुरुस्ती तारखेसह शेजारी करायची. पुढे कुणी विचारलं की आधी दहा का म्हणालात, तर उत्तर त्याच ओळीत सापडतं.

स्क्रीनशॉटचीही एक सवय लावून घ्या. मेसेज आला त्याच दिवशी काढलेल्या स्क्रीनशॉटवर बऱ्याचदा 'आज' किंवा 'काल' एवढंच असतं, आणि सहा महिन्यांनी त्या 'काल'ला काही अर्थ उरत नाही. पूर्ण तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट पुन्हा काढा. कॉलच्या यादीतल्या त्या नोंदीवर बोट ठेवून तपशील उघडा, म्हणजे क्रमांक, तारीख, वेळ आणि किती मिनिटं बोलणं झालं हे एकाच पानावर येईल. हे आज करा. फोन बदलला की ही यादी बऱ्याचदा जाते.

आता दिवसांचा हिशेब. रोखठोक, तुमचं अर्धं बरोबर आहे. तीन दिवस आणि चार ते सात दिवस हे टप्पे ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातलेच. पण तिथे ७२ तास नाहीत, कामकाजाचे दिवस आहेत. ते मोजायचे खातेदाराच्या मूळ शाखेच्या कामकाजाप्रमाणे, आणि बँकेचा संदेश मिळाला तो दिवस सोडून. कोयनाकाठ, ऑगस्ट २०२३ चं कॅलेंडर समोर घ्या. ११ शुक्रवार, संदेशाचा दिवस, सोडला. १२ दुसरा शनिवार, शाखा बंद. १३ रविवार. १४ सोमवार, पहिला दिवस. १५ स्वातंत्र्यदिन. १६ पारशी नववर्ष, महाराष्ट्रात बँकांना सुट्टी. १७ गुरुवार, दुसरा. १८ शुक्रवार, तिसरा.

तुमच्या आई १८ ला अर्ज घेऊन गेल्या. तो तिसरा दिवस आहे. बँकेनं सात दिवस म्हटलं ते कॅलेंडरचे. चौथ्या व्यवहाराचा संदेश १२ ला आला, तरी मोजणी तीच निघते.

रोखठोक_सातारी · २१ जानेवारी

१६ तारखेची सुट्टी माझ्या लक्षात नव्हती, मान्य. पण मुदत गेली असती तरी फटका दहा हजारांचाच होता ना?

शाई-शिक्का · २१ जानेवारी

नाही. ती मर्यादा प्रत्येक व्यवहाराला वेगळी लागते. व्यवहाराची रक्कम किंवा दहा हजार, यातलं जे कमी ते. म्हणजे पहिल्या तीनचे दहा-दहा आणि चौथ्याचे नऊ, एकूण ३९,००० आईंच्या अंगावर आले असते. १८ तारीख तिसरा दिवस की चौथा, यावर तुमचे ३९,००० रुपये अवलंबून आहेत. म्हणून १२, १५ आणि १६ ला शाखा बंद होती, याचीही टिपणात स्वतंत्र ओळ हवी आणि 'कशावरून'मध्ये सुट्ट्यांची यादी हवी. समोरचा माणूस ते मनानं धरणार नाही.

कोयनाकाठ · २१ जानेवारी

पुढच्या मुदतीही मोजल्या. दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेनं रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची होती ना? १८ ऑगस्ट सोडून मी मोजलं तर १ सप्टेंबर येतं.

शाई-शिक्का · २२ जानेवारी

तुम्ही १९ तारीख गाळलीत. तो तिसरा शनिवार, शाखा चालू. दुसरा आणि चौथा तेवढे बंद. १९, मग २१ ते २५ चे पाच, २६ चौथा शनिवार म्हणून सोडा, २८ ते ३१ चे चार. दहावा दिवस ३१ ऑगस्ट. आणि तक्रार निकाली काढायचे ९० दिवस साधे मोजायचे, ते १६ नोव्हेंबर २०२३ ला संपले. एका दिवसाची चूक आहे, तीही तुमच्या तोट्याची नाही. पण बँकेनं ती दाखवली असती तर बाकीच्या मोजणीवरही शंका आली असती. हे दिवस दोघांनी वेगवेगळे मोजायचे आणि मग ताडून पाहायचे.

लोकपालाकडे जायला बँकेचं उत्तर मिळाल्यापासून एक वर्ष मिळतं. उत्तर २७ सप्टेंबरचं असलं तरी तुमच्या हाती कधी पडलं ती तारीख वेगळी असू शकते. पाकीट जपून ठेवलंय का? टिपणात दोन्ही ओळी करा आणि अर्ज करताना आधीची तारीख धरा.

बिनतारी · २२ जानेवारी

मी पेमेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. चौथ्या व्यवहाराची तारीख ताडायला एक जागा सुचवतो. यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक पाहा. पहिला अंक सालाचा शेवटचा आकडा असतो, पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. ११ ऑगस्ट २०२३ हा वर्षाचा २२३ वा दिवस. पहिल्या तिघांचे क्रमांक ३२२३ ने आणि चौथ्याचा ३२२४ ने सुरू होत असेल तर तुमच्या तारखा बरोबर आहेत.

कोयनाकाठ · २२ जानेवारी

पाहिलं. तीन ३२२३ चे, एक ३२२४ चा.

शाई-शिक्का · २३ जानेवारी

हे मला माहीत नव्हतं, चांगलं कळलं. पण अर्जात आधार उताऱ्याचा आणि एसएमएसचा द्या, हे घरच्या पडताळणीपुरतं ठेवा. अर्ज वाचणाऱ्याला जे समजावून सांगावं लागेल ते पुराव्यात घालू नये.

बिनतारी · २३ जानेवारी

तिथे माझं मत वेगळं आहे. एका ओळीची तळटीप दिली तर काय बिघडतं? तपासणारा स्वतःच ताडून पाहील.

अनुजा_प · २३ जानेवारी

एक विचारते. पोलिसांतलं 'रात्री दहा' आणि ईमेलमधलं 'दुसऱ्या दिवशी सकाळी', ही जी चुकीची वाक्यं आधीच गेलीत त्यांचं काय करायचं? टिपण बरोबर झालं तरी ती कागदावर आहेतच.

शाई-शिक्का · २३ जानेवारी

ती आपणच सांगायची. पोलिसांकडे पुरवणी जबाब देता येतो. कोयनाकाठ, ठाण्यात जाऊन सांगा की २१ ऑगस्टच्या तक्रारीत फोनची वेळ दुबईच्या घड्याळाप्रमाणे लिहिली गेली, भारतीय वेळ २३:३५, आणि चौथा व्यवहार १२ ऑगस्टचा आहे. त्याची प्रत घ्या. लोकपालाच्या अर्जात एक छोटा परिच्छेद ठेवा: आधीच्या कोणत्या पत्रात काय चुकलं, बरोबर काय आणि कशावरून. ईमेलमधल्या 'सकाळी'चं कारण काय झालं होतं?

कोयनाकाठ · २४ जानेवारी

सकाळी १९३० ला फोन केला होता. मी ईमेल लिहिताना तो बँकेचा समजलो. बँकेचा फोन रात्रीचाच, २३:४१ चा. बँक म्हणते त्या रात्रीची कुठलीही तक्रार त्यांच्याकडे नोंदलेली नाही. आईला तक्रार क्रमांक मिळाला नव्हता. ती म्हणते, बटणं दाबायला सांगत होते, मग एका माणसाशी बोलले, तो म्हणाला खातं बंद करतो.

शाई-शिक्का · २४ जानेवारी

मग ओळ ८ ही तुमची सर्वांत मोलाची ओळ आहे. फोन संपला २३:४७ ला, चौथे ९,००० गेले ००:०६ ला. खातेदारानं कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं, मग आधीच्या व्यवहारांत चूक कुणाचीही ठरो. एकोणीस मिनिटं आहेत मध्ये. कॉलच्या यादीवरून फोन लागला एवढंच सिद्ध होतं, काय बोलणं झालं ते नाही, हे लक्षात असू द्या. त्याच परिपत्रकात म्हटलंय की इशारे पाठवायची आणि ग्राहकाचा प्रतिसाद घ्यायची जी यंत्रणा आहे तिच्यात वेळ आणि तारीख नोंदली गेली पाहिजे. म्हणून 'आम्ही फोन केला होता' असं मोघम लिहू नका. '११ ऑगस्ट २०२३, २३:४१ ते २३:४७, या क्रमांकावरून या क्रमांकावर आलेल्या कॉलची नोंद आणि ध्वनिमुद्रण सादर करावे' असं मागा. इतकी नेमकी वेळ दिली की नोंद सापडत नाही म्हणणं अवघड होतं.

कोयनाकाठ · २८ जानेवारी

आता जे लिहितो ते लिहू की नको, यात दोन दिवस गेले.

कागद संपल्यावर परवा आईसोबत बसलो आणि ओळ ४ च्या आधीच्या वेळेबद्दल विचारलं. माझ्या टिपणात ओळ १ ते ३ म्हणजे सकाळचं दूध, दुपारी बँकेतून काढलेली पेन्शन आणि संध्याकाळी ६:५० ला आलेला एक अनोळखी कॉल. तो यादीत होता, २२ मिनिटांचा, पण मी त्याकडे पाहिलंच नव्हतं. आई बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, वीजबिल थकलंय, आज रात्री लाइट कापू, असं तो माणूस म्हणाला. त्यानं एक ॲप घ्यायला लावलं. तिनं ते घेतलं. पिन किंवा ओटीपी सांगितला नाही असं ती म्हणते. पाच महिने तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं, मला वाईट वाटेल म्हणून.

टिपणात ही ओळ घालायची का?

रोखठोक_सातारी · २८ जानेवारी

अजिबात नको. स्वतःहून कोण फास लावून घेतं? बँकेनं सिद्ध करावं. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवरच आहे.

शाई-शिक्का · २८ जानेवारी

जबाबदारी बँकेवर आहे हे खरंच, रोखठोक. तरीही मी घाला म्हणेन. टिपणात तरी नक्कीच. ते तुमच्या घरचं आहे, आणि त्यात गाळलेली ओळ पुढे तुम्हालाच आठवणार नाही. मग एका पत्रात 'कोणताही अनोळखी फोन आला नाही' असं वाक्य सहज जाईल, आणि कॉलच्या यादीत तो बावीस मिनिटांचा फोन समोर बसलेला असेल. ती यादी तुम्ही स्वतःच पुरावा म्हणून जोडणार आहात.

अर्जात काय लिहायचं ते वेगळं. ॲप घेणं म्हणजे निष्काळजीपणा धरतात का, यावर मी तुम्हाला ठाम उत्तर देऊ शकत नाही. धरला तर पहिल्या तीन व्यवहारांचा दावा अडचणीत येईल आणि २३:४७ नंतरचे ९,००० तेवढे भक्कम उरतील. न धरला तर पूर्ण ७८,४९८. मी असते तर घडलं तसं दोन वाक्यांत लिहिलं असतं, विशेषणांशिवाय.

अनुजा_प · २८ जानेवारी

आईंना सांगा, अशा फोनला भलेभले फसलेत. त्यांनी आत्ता सांगितलं हेच खूप.

वाळवंटातला_मालवणी · २८ जानेवारी

मला रोखठोक यांचं पटतं. टिपणात असू द्या, अर्जात नको. विचारलं तर खरं सांगा.

कोयनाकाठ · ४ फेब्रुवारी

अर्ज अजून गेलेला नाही, पण तिथवर काय काय झालं ते सांगतो. टिपणाच्या आता ३१ ओळी आहेत. अर्जातल्या प्रत्येक वाक्याशेवटी कंसात ओळ क्रमांक घातला. ज्या वाक्याला क्रमांक सापडेना ते काढून टाकलं, अशी सात वाक्यं गेली. जोडपत्रांना तेच क्रमांक दिले. पुरवणी जबाब परवा दिला, तो ओळ ३० झाला. अर्ज गेला की त्याचीही ओळ होईल.

संध्याकाळच्या कॉलची ओळ घातली. अर्जातही दोन वाक्यं लिहिली. आईनंच सांगितलं, लिही.

आणखी एक. आई स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाचे रतीब, गॅस, दवाखाना असं सगळं लिहिते. मागच्या वर्षीची तिनं रद्दीत दिली नव्हती. १२ ऑगस्टच्या चौकोनात दुधाच्या खुणेखाली तिच्या अक्षरात आहे: 'रात्री बँक फोन – बंद करतो म्हणाला'.

शाई-शिक्का · ४ फेब्रुवारी

त्या पानावर आता पेन टेकवू नका, खूणही नको. एक चौकोन कापून फोटो घेऊ नका, पूर्ण महिन्याचं पान घ्या, दुधाच्या खुणांसकट. शेजारच्या तीस दिवसांच्या नोंदींमुळेच त्या एका नोंदीवर विश्वास बसतो. मूळ दिनदर्शिका जपून ठेवा.

रोखठोक_सातारी · ४ फेब्रुवारी

नंतर लिहिलं असेल असं बँक म्हणू शकते.

शाई-शिक्का · ४ फेब्रुवारी

म्हणू शकते. म्हणूनच ती नोंद ओळ ८ च्या जोडीला ठेवायची, तिच्या जागी नाही. कोयनाकाठ, 'कशावरून'मध्ये लिहा: कॉलची यादी, आणि त्याखाली दिनदर्शिकेतली नोंद, आईच्या हस्ताक्षरात. ती केव्हा लिहिली ते आईंना नक्की आठवतंय का?

कोयनाकाठ · ५ फेब्रुवारी

विचारलं. म्हणाली, सकाळी दूधवाला आला तेव्हा. तेवढंच लिहिलंय, आणि पुढे 'आठवण, आई'.